अपील फेटाळलं, पुढे काय? रिव्ह्यू पिटिशन आणि त्यानंतर उरलेल्या अरुंद वाटा, टप्प्याटप्प्याने

जेलच्या मुलाखत खिडकीबाहेर थांबलेल्या नातेवाईकांकडून मला सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "वकीलसाहेब, हायकोर्टात अपील गेलं, आता तिथेच रिव्ह्यू टाकू ना?" आणि बरेचदा तो टाकून झालेला असतो, कोणीतरी पैसे घेतलेले असतात, दोन महिने वाया गेलेले असतात आणि खरी मुदत त्या दोन महिन्यांतच संपत आलेली असते. म्हणून हे सगळं एकदा क्रमाने लिहितोय. इथे मुख्यतः जन्मठेप किंवा दहा-वीस वर्षांची शिक्षा झालेल्या माणसाचा विचार केलाय, फाशीच्या केसमध्ये जिथे नियम वेगळा आहे तिथे तसं सांगेन.

एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवा. रिव्ह्यू म्हणजे दुसरं अपील नाही. त्यात केस पुन्हा चालत नाही. कोर्टाच्या निकालात, समोरच्या रेकॉर्डकडे नुसतं बघितलं तरी दिसेल अशी चूक झालीय का, एवढंच तिथे बघतात. पुढच्या प्रत्येक टप्प्याला हे लागू आहे.

## टप्पा 1 : अपील नक्की कोणत्या कोर्टाने फेटाळलं ते बघा

अपील हायकोर्टाने फेटाळलं असेल तर तिथे रिव्ह्यू नाही. फौजदारी केसमध्ये एकदा निकालावर सही झाली की कोर्टाला तो बदलता येत नाही, फक्त लिखाणातली किंवा आकड्यांची चूक दुरुस्त करता येते. जुन्या सीआरपीसीत, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेत, हे कलम 362 होतं, 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसमध्ये, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, ते 403 आहे, मजकूर तोच. दिवाणी दाव्यात हायकोर्टात रिव्ह्यू चालतो, त्यामुळे लोकांचा गोंधळ होतो, गावातल्या जमिनीच्या केसचा अनुभव असलेला माणूस सल्ला देतो आणि तो सल्ला फौजदारीला लावला जातो. हायकोर्टाच्या अंगभूत अधिकारांचं कलम 482, म्हणजे आताचं 528, त्याखाली अर्ज करून तेच काम मागच्या दाराने करून घेऊ असंही काही जण सांगतात, तेही टिकत नाही. आरोपीला बाजू मांडायची संधीच न देता निकाल दिला गेला अशी एखादी गंभीर गोष्ट असेल तर निकाल मागे घ्या असा अर्ज काही वेळा करतात, पण ते फार अपवादाने, आणि त्याच्या भरवशावर सुप्रीम कोर्टाची मुदत जाऊ देऊ नका.

हायकोर्टानंतरचा रस्ता म्हणजे सुप्रीम कोर्टात एसएलपी, म्हणजे अपील करू द्या अशी खास परवानगी मागणारा अर्ज, घटनेच्या अनुच्छेद 136 खाली. खालच्या कोर्टाने निर्दोष सोडलं होतं आणि हायकोर्टाने उलटवून जन्मठेप, फाशी किंवा दहा वर्षं किंवा जास्त शिक्षा दिली, तर परवानगी न मागता थेट अपीलचा हक्क आहे (जुनं कलम 379, आता 420). हा फरक बरेच जण विसरतात आणि हक्काचं अपील असताना एसएलपी टाकून बसतात.

रिव्ह्यूचा प्रश्न येतो तो सुप्रीम कोर्टाने नाही म्हटल्यावर. तो अधिकार अनुच्छेद 137 खाली त्या कोर्टाला आहे, पद्धत सुप्रीम कोर्ट रूल्स 2013 च्या ऑर्डर 47 मध्ये आहे.

तपासा: हातातल्या निकालाच्या पहिल्या पानावर कोर्टाचं नाव काय आहे? "मुंबई उच्च न्यायालय, खंडपीठ औरंगाबाद" किंवा "नागपूर" किंवा "गोवा" असं असेल तर रिव्ह्यू हा शब्द तूर्त विसरा आणि पुढची मुदत मोजा.

## टप्पा 2 : दिवस मोजा, अंदाज करू नका

एसएलपीला हायकोर्टाच्या निकालापासून 90 दिवस, फाशीच्या केसमध्ये 60. सर्टिफाईड कॉपी मिळवायला जे दिवस लागले ते यातून वगळतात. रिव्ह्यूला मात्र सुप्रीम कोर्टाच्या निकालाच्या तारखेपासून फक्त 30 दिवस.

उदाहरण घेऊन मोजू. समजा औरंगाबाद खंडपीठाने 10 मार्चला अपील फेटाळलं. घरच्यांनी 12 मार्चला नकलेचा अर्ज दिला, नक्कल 28 मार्चला तयार झाली. निकालाचा दिवस सोडून 90 दिवस मोजले तर 8 जून येतो. नकलेचे 12 ते 28 मार्च असे 17 दिवस त्यात मिळवले की 25 जून. आता याच घरच्यांनी नकलेचा अर्ज जूनमध्ये दिला असता तर? मधले अडीच महिने कोणी परत देत नाही, अर्ज दिल्यापासून नक्कल मिळेपर्यंतचेच दिवस वगळले जातात. म्हणून निकाल लागला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी नकलेचा अर्ज द्या आणि नकलेच्या मागच्या शिक्क्यावरच्या तारखा, अर्ज कधी, तयार कधी, दिली कधी, हे जपून ठेवा, पुढे हिशोब त्यावरच होतो.

पुढे समजा सुप्रीम कोर्टाने एसएलपी ऐकून घेतली, अपील म्हणून दाखल करून घेतली आणि 4 सप्टेंबरला फेटाळली. रिव्ह्यूची शेवटची तारीख 4 ऑक्टोबर. इथे नकलेची वाट बघत बसू नका, निकाल सुप्रीम कोर्टाच्या वेबसाईटवर येतो, तो लगेच उतरवून कामाला लागा.

उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज लागतो. "आम्ही गरीब आहोत, माहिती नव्हती" एवढ्यावर भागत नाही. वकालतनामा जेलला कधी पाठवला, सही होऊन कधी आला, कागद कधी मिळाले, अशी तारखांची साखळी द्यावी लागते. जेलच्या आवक-जावक नोंदीचा उतारा इथे फार उपयोगी पडतो.

सावधान: रिव्ह्यू टाकला म्हणजे शिक्षा थांबली असं होत नाही. माणूस जामिनावर बाहेर असेल आणि अपील फेटाळताना कोर्टाने अमुक आठवड्यांत हजर व्हा असं म्हटलं असेल तर त्या तारखेला हजर व्हायचं, हजर झाल्याचा दाखला घ्यायचा आणि तो कागदांना जोडायचा. "रिव्ह्यू पेंडिंग आहे" म्हणून घरी बसलेल्या माणसाविरुद्ध वॉरंट निघतं आणि मग प्रत्येक पुढच्या अर्जात तो फरार होता हे वाक्य चिकटतं.

## टप्पा 3 : सह्या आणि कागद, हे तीस दिवस कशात जातात

तीस दिवसांतले पंधरा सहज जेलच्या कागदांत जातात. आत असलेल्या माणसाच्या वकालतनाम्यावर त्याची सही आणि जेल अधीक्षकांचं साक्षांकन लागतं, प्रतिज्ञापत्रही तसंच. त्यामुळे निकाल राखून ठेवला गेला की, म्हणजे निकाल यायच्या आधीच, कोरा नव्हे पण योग्य नाव लिहिलेला वकालतनामा आत पाठवून ठेवावा, निकाल बाजूने लागला तर तो फाडून टाकू, काय बिघडलं.

सुप्रीम कोर्टात दाखल करणारा वकील एओआरच लागतो, म्हणजे ज्याला त्या कोर्टाने दाखल करायचा अधिकार दिलाय तो. तुमचा तालुक्याचा किंवा हायकोर्टाचा वकील मसुदा करू शकतो, दाखल नाही. शक्यतो अपील ज्याने चालवलं तोच एओआर ठेवा. हरल्यावर वकील बदलून रिव्ह्यू टाकायची सवय सुप्रीम कोर्टाने फार पूर्वी, 1997 मध्ये, कडक शब्दांत नापसंत केलीय. बदलायचाच असेल तर आधीच्याची ना हरकत घ्या. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याच्याकडून पूर्ण पेपरबुक, म्हणजे कोर्टात दिलेल्या सगळ्या कागदांचा संच घ्या, नुसता निकाल नाही.

पैसे नसतील तर सावकाराकडे जाऊ नका. जेलमध्ये असलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकिलाचा हक्क आहे, विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 खाली. जेल अधीक्षकांमार्फत सुप्रीम कोर्ट विधी सेवा समितीकडे अर्ज जातो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे वकील आत येतात त्यांच्याकडेही देता येतो, 15100 ही हेल्पलाईन आहे. पण ही फाईल फिरायला वेळ घेते, म्हणून अर्ज पहिल्या आठवड्यात.

जमवायचे कागद असे : सुप्रीम कोर्टाचा निकाल, हायकोर्टाचा आणि सेशन्सचा निकाल, साक्षीदारांचे जबाब, एफआयआर, पंचनामे, केमिकल ॲनालायझरचा रिपोर्ट, कलम 313 खालचा आरोपीचा जबाब. आणि जबाबांच्या बाबतीत मूळ मराठीतला कागद हवाच हवा, का ते पुढच्या टप्प्यात.

## टप्पा 4 : चूक शोधणं

ऑर्डर 47 म्हणतो की फौजदारी प्रकरणात रिव्ह्यू फक्त रेकॉर्डवरून उघड दिसणाऱ्या चुकीवरच. दिवाणीत नवीन पुरावा सापडला हे कारण चालतं, फौजदारीत त्या नियमात ते नाही. 1980 च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने, माणसाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न असल्यामुळे, ही व्याख्या फार कोती धरू नये असं म्हटलंय, ते अडचणीच्या वेळी उपयोगाचं आहे, पण मसुदा त्यावर उभा करू नका.

उघड चूक कोणती आणि कोणती नाही? ही कसोटी मी वापरतो. चूक दाखवायला तुम्हाला "कोर्टाने असा विचार करायला हवा होता" असं म्हणावं लागत असेल तर ती उघड चूक नाही, ते अपील आहे. "निकालात असं लिहिलंय, रेकॉर्डच्या अमुक पानावर तसं नाही" असं दोन बोटं ठेवून दाखवता येत असेल तर ती उघड चूक. साक्षीदार खोटा बोलला, तो नातेवाईक होता, पंच फितूर झाला, वकिलाने नीट उलटतपासणी घेतली नाही, हे सगळं पहिल्या प्रकारात. एफआयआरमध्ये नाव नसताना निकालात नाव होतं असं लिहिलंय, दुसऱ्या आरोपीकडून जप्त झालेली कुऱ्हाड याच्या नावावर टाकलीय, गुन्हा घडला तेव्हा लागूच नसलेल्या तरतुदीखाली शिक्षा दिलीय, हे दुसऱ्या.

आता भाषांतराचं. आपल्याकडे साक्षीदार मराठीत बोलतो, जबाब मराठीत उतरतो, काही खटल्यांत इंग्रजी टिपणही असतं, आणि दिल्लीत न्यायाधीश वाचतात ते इंग्रजी भाषांतर. हे भाषांतर घाईत झालेलं असतं आणि ते मूळ जबाबाशी ताडून बघायची तसदी कोणी घेत नाही, वकीलही नाही. समजा रात्रीचा खून आहे, साक्षीदार मराठीत म्हणाला, "अंधार होता, मी आवाजावरून वळखलं." भाषांतरात झालं, मी त्याला ओळखलं. अपीलच्या निकालात परिच्छेद 14 मध्ये आलं, प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने आरोपीला पाहिलं. तीन पायऱ्यांत आवाजाचा डोळा झाला! हे शोधायचं म्हणजे निकालातलं साक्षीबद्दलचं प्रत्येक वाक्य घ्यायचं, भाषांतराचं पान काढायचं, मग मूळ मराठीचं पान काढायचं आणि तिन्ही शेजारी ठेवून वाचायचं. कंटाळवाणं काम आहे, घरातला शिकलेला कोणीही करू शकतो, कदाचित वकिलापेक्षा चांगलं, कारण आपल्या गावची बोली त्याला कळते. मूळ जबाब ट्रायल कोर्टाच्या रेकॉर्डमध्येच आहे त्यामुळे तो नवीन पुरावा होत नाही, फक्त त्याचं नीट केलेलं भाषांतर जोडायचं.

पण एवढ्याने होत नाही. चूक निकालाच्या पायात असावी लागते. वरच्या उदाहरणात साक्षीदाराची ओळख काढली तर काय उरतं? समजा उरतो कुऱ्हाडीचा जप्ती पंचनामा आणि केमिकल रिपोर्ट, आणि रिपोर्टमध्ये रक्तगट निष्पन्न होऊ शकला नाही असं आहे. मग रिव्ह्यूमध्ये हे लिहायचंच : ओळखीचा पुरावा गेला, जप्तीने आरोपीला मयताशी जोडता येत नाही, म्हणजे शिक्षेला आधार उरत नाही. जर रिपोर्टमध्ये मयताचं रक्त कुऱ्हाडीवर निघालं असेल तर प्रामाणिकपणे सांगतो, कोर्ट म्हणेल चूक झाली असेल पण निकाल तोच राहतो. हे आधी स्वतःला विचारून घ्या.

रेकॉर्डमध्येच पडून असलेला कागद किती मोठा असू शकतो याचं उदाहरण आपल्याच जालना जिल्ह्यातलं आहे. भोकरदन तालुक्यातल्या 2003 च्या एका भीषण गुन्ह्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना सेशन्सने 2006 मध्ये फाशी दिली, हायकोर्टाने 2007 मध्ये तिघांची कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली, 2009 मध्ये सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना फाशी दिली. प्रकरण तिथे संपलेलं होतं. पुढे रिव्ह्यूत 31 ऑक्टोबर 2018 ला तो 2009 चा निकाल मागे घेतला गेला, अपील पुन्हा ऐकलं गेलं आणि 5 मार्च 2019 ला सहाही जण निर्दोष सुटले, सरकारला प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला सांगितले. पुन्हा ऐकताना पुढे आलं की वाचलेल्या मुख्य साक्षीदाराने पोलिसांच्या फोटो अल्बममधून भलत्याच चार जणांना ओळखलं होतं आणि तो तपास पुढे नेलाच गेला नव्हता. सोळा वर्षं गेली त्यांची. हा कागद काही नंतर सापडलेला नव्हता.

तपासा: तुमच्या चुकीच्या यादीतला प्रत्येक मुद्दा निकालाचा परिच्छेद क्रमांक आणि रेकॉर्डचा पान क्रमांक यांसकट लिहिता येतो का? येत नसेल तो मुद्दा खोडा.

## टप्पा 5 : मसुदा, कारण बोलायला कोणी नसणार

रिव्ह्यू खुल्या कोर्टात ऐकला जात नाही. फाईल न्यायाधीशांच्या चेंबरमध्ये फिरते, शक्यतो ज्यांनी निकाल दिला त्यांच्याकडेच, आणि वकिलाला बोलायची संधी न देता निर्णय होतो. जास्तीचा लेखी युक्तिवाद देता येतो आणि खुल्या कोर्टात ऐका असा अर्जही करता येतो, पण तो मान्य होणं क्वचित. फाशीच्या केसमध्ये मात्र 2 सप्टेंबर 2014 च्या घटनापीठाच्या आरिफ निकालापासून तीन न्यायाधीशांसमोर खुल्या कोर्टात, साधारण अर्ध्या तासाच्या मर्यादेत, तोंडी सुनावणी मिळते. जन्मठेपेला ही सोय नाही, त्यामुळे कागदाने स्वतः बोललं पाहिजे.

मी असं मांडतो. एक चूक, एक परिच्छेद. त्यात पहिल्यांदा निकाल काय म्हणतो, परिच्छेद क्रमांकासह. मग रेकॉर्ड काय म्हणतं, पान क्रमांकासह, साक्षीदाराचे शब्द जसेच्या तसे. मग हे काढलं तर शिक्षेचं काय होतं. बस. तीन पक्के मुद्दे असतील तर तीनच लिहा. बावीस मुद्द्यांचा रिव्ह्यू मी बरेचदा बघतो, अपीलची कारणं तशीच उचलून चिकटवलेली असतात, आणि त्यात पाचव्या पानावर दडलेली खरी चूक कोणाच्या नजरेला पडत नाही. न्यायाधीशांवर टीका, दुसरे निकाल भरमसाट उतरवणं, घरची परिस्थिती, हे सगळं बाहेर ठेवा. घरची परिस्थिती खोटी आहे म्हणून नाही, तिची जागा टप्पा 9 मध्ये आहे म्हणून.

सावधान: जो मुद्दा रिव्ह्यूत नाही तो पुढे क्युरेटिव्हमध्ये, म्हणजे रिव्ह्यूनंतर सुप्रीम कोर्टातच करता येणाऱ्या शेवटच्या अर्जात, घेता येत नाही. "रिव्ह्यू फॉर्मॅलिटी आहे, खरं ते क्युरेटिव्हमध्ये लढू" असं कोणी सांगत असेल तर तो माणूस तुमचा शेवटचा दरवाजा बंद करतोय. आणि रिव्ह्यू एकदाच. फेटाळल्यावर त्याच प्रकरणात दुसरा रिव्ह्यू घेतच नाहीत.

## टप्पा 6 : दाखल केल्यानंतर

दाखल झाल्यावर डायरी नंबर मिळतो, मग रजिस्ट्री, म्हणजे कोर्टाचं कार्यालय, त्रुटी काढते : पान अस्पष्ट, भाषांतर नाही, सही नाही. त्या दिलेल्या मुदतीत दुरुस्त करायच्या. सगळ्यात जास्त रिव्ह्यू इथे अडकतात, घरच्यांना वाटतं केस चालू आहे आणि प्रत्यक्षात ती नोंदच झालेली नसते. सुप्रीम कोर्टाच्या साईटवर केस स्टेटसमध्ये डायरी नंबर टाकून दर आठवड्याला बघा, नोंद झाली की `R.P.(Crl.)` असा क्रमांक दिसतो. वकिलाला "नंबर लागला का" एवढंच विचारा, "काय झालं" असं नाही.

निर्णय येतो तो बहुतेक एका परिच्छेदाचा, कारणं नसलेला. त्याचा अर्थ कोणी वाचलं नाही असा लावू नका, पण कॉपी मात्र लगेच घ्या.

## टप्पा 7 : क्युरेटिव्ह पिटिशन, अगदी चिंचोळी फट

2002 च्या रूपा हुर्रा निकालातून हा उपाय आला, आता ऑर्डर 48 मध्ये आहे. दोनच प्रकारची कारणं खऱ्या अर्थाने चालतात : बाजू मांडायची संधी न मिळता विरोधात निकाल गेला, किंवा निकाल देणाऱ्या न्यायाधीशाचा संबंध प्रकरणाशी होता आणि तो उघड केला गेला नाही. त्यापलीकडे न्यायाची उघड पायमल्ली असेल तर. सीनियर ॲडव्होकेटचं प्रमाणपत्र लागतं की यात खरोखर कारण आहे, आणि हेही लिहावं लागतं की हे मुद्दे रिव्ह्यूत घेतले होते आणि तो चेंबरमध्ये फेटाळला गेला. फाईल तीन ज्येष्ठतम न्यायाधीश आणि मूळ निकाल देणारे जे उपलब्ध असतील ते, यांच्यात फिरते. मुदत आकड्यात नाही, वाजवी वेळेत, आणि उगाच टाकली तर दंड होऊ शकतो.

चालते का कधी? अगदी क्वचित. नोव्हेंबर 2025 मध्ये निठारी प्रकरणातल्या एका दोषीची शिक्षा क्युरेटिव्हमध्ये रद्द झाली, कारण ज्या कबुलीवर आणि जप्तीवर ती उभी होती तेच पुरावे त्याच्या बाकीच्या बारा खटल्यांत कोर्टांनी नाकारले होते आणि एकाच पुराव्यावर दोन विरुद्ध निकाल उभे राहिले होते. तुमच्याकडे असा दाखवता येण्याजोगा विरोध असेल, उदाहरणार्थ सहआरोपी नेमक्या त्याच पुराव्यावर सुप्रीम कोर्टातून सुटलाय, तर सीनियरकडे जा. नुसता निकाल पटत नाही म्हणून नको.

यानंतर अनुच्छेद 32 खाली सुप्रीम कोर्टाच्याच निकालाविरुद्ध रिट टाकायचे सल्ले येतात. ते चालत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये नागपूरच्या एका खटल्यात फाशीच्या शिक्षेपुरतं दार उघडलं, पण ते फाशी ठरवताना आरोपीची पार्श्वभूमी तपासली गेली नव्हती म्हणून, दोष कायम राहिला. जन्मठेपेला त्याचा उपयोग धरू नका.

## टप्पा 8 : वय तपासलंय का?

सगळ्यात दुर्लक्षित उपाय हा आहे. गुन्ह्याच्या दिवशी माणूस अठराच्या आत होता असा दावा बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 9 खाली कोणत्याही कोर्टात, कोणत्याही टप्प्यावर, प्रकरण पूर्ण संपल्यावरही करता येतो. पुण्यातल्या 1994 च्या एका हत्याकांडात फाशी झालेल्या माणसाचा रिव्ह्यू कधीच फेटाळला गेला होता, त्याच रिव्ह्यूत नंतर वयाचा अर्ज झाला, पुण्याच्या सेशन्स जजकडून चौकशी झाली, राजस्थानातल्या शाळेच्या नोंदीवरून गुन्ह्यावेळी तो बारा वर्षांचा होता हे सिद्ध झालं आणि मार्च 2023 मध्ये तो सुटला, अठ्ठावीस वर्षांनी.

पुराव्याचा क्रम कायद्यात ठरलेला आहे, कलम 94 : आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, दोन्ही नसेल तरच हाडांची तपासणी. लोक उलटं करतात, आधार कार्ड आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट घेऊन येतात. पहिली शाळा शोधा, जनरल रजिस्टरचा उतारा घ्या, मुख्याध्यापक साक्षीला येतील का बघा. एक मर्यादा : 2016 नंतरच्या अतिगंभीर गुन्ह्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलावर प्रौढासारखा खटला चालू शकतो, तिथे हिशोब वेगळा.

तपासा: गुन्ह्याची तारीख वजा शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख. दोन मिनिटांचं काम आहे, आजच करा.

## टप्पा 9 : कोर्टाबाहेरची वाट, माफी आणि सूट

दोष तसाच ठेवून शिक्षा कमी करण्याचा अधिकार राज्यपालांना अनुच्छेद 161 खाली आणि राष्ट्रपतींना 72 खाली आहे. म्हातारे आईबाप, आजारपण, जेलमधली वागणूक, नंतर मिळालेला पुरावा, जे रिव्ह्यूत चाललं नाही ते सगळं इथे मांडायचं. फाशीच्या केसमध्ये बीएनएसएस कलम 472 ने मुदती घातल्यात : अपील, रिव्ह्यू किंवा एसएलपी फेटाळल्याचं अधीक्षकांनी कळवल्यापासून 30 दिवसांत दयेचा अर्ज, आधी राज्यपाल, आणि त्यांनी नाकारल्यास 60 दिवसांत राष्ट्रपती. जन्मठेपेला अशी मुदत नाही.

जन्मठेपेच्या माणसासाठी खरा व्यवहारातला रस्ता म्हणजे सरकारकडून मिळणारी सूट, जुनं कलम 432, आता 473. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप असेल तर प्रत्यक्ष चौदा वर्षं आत काढल्याशिवाय सुटका नाही, कलम 433अ, आताचं 475, आणि त्या चौदात जेलमध्ये मिळालेली माफी धरत नाहीत. चौदा झाली की आपोआप सुटका असं मात्र नाही, हा गैरसमज जवळजवळ प्रत्येक घरात आहे. चौदा वर्षांनी फक्त विचार होऊ शकतो, आणि महाराष्ट्राच्या मार्गदर्शक सूचनांत गुन्ह्याच्या प्रकाराप्रमाणे त्याहून बरीच जास्त वर्षं ठरवलेली आहेत. साधारणपणे दोषी ठरलं त्या दिवशी जी सूचना लागू होती ती धरतात, नंतरची जास्त सवलतीची असेल तर तिचा फायदा मागा.

ज्या राज्यात खटला चालला तेच सरकार निर्णय घेणार, गुन्हा किंवा जेल कुठेही असो. गुजरातच्या बिल्किस बानो प्रकरणात खटला मुंबईत चालला होता, म्हणून 8 जानेवारी 2024 ला सुप्रीम कोर्टाने गुजरात सरकारने दिलेली सूट रद्द केली. कोल्हापूरच्या माणसाला बेळगावच्या कोर्टात शिक्षा झाली असेल तर फाईल बेंगळुरूला जाणार, मुंबईला नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने हेही सांगितलंय की जिथे धोरण आहे तिथे पात्र कैद्याचा विचार सरकारने अर्ज नसला तरी करायचा. तरी अर्ज द्या, पोच घ्या. फाईलमध्ये शिक्षा देणाऱ्या कोर्टाचं मत, पोलिसांचा रिपोर्ट, जेलची वागणूक जाते, त्यामुळे फर्लो-पॅरोलवरून एक दिवस उशिरा परतल्याची नोंदही इथे आडवी येते. नाकारलं तर कारणासकट लेखी आदेश मागा, आणि कारणच नसेल किंवा चुकीची सूचना लावली असेल तर हायकोर्टात रिट करता येतं. ज्या हायकोर्टात रिव्ह्यू चालत नव्हता, त्याच हायकोर्टात ही रिट मात्र व्यवस्थित चालते, कारण इथे निकालाला नाही, सरकारच्या आदेशाला आव्हान असतं.